नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन: अ‍ॅक्सेस रिव्ह्यूमध्ये सॅम्पल कसं घ्यायचं, पुरावा कसा धरायचा आणि फाइंडिंग कशी लिहायची

डीसा करणारे असोत की सिसाची तयारी करणारे, इन्फर्मेशन सिस्टीम ऑडिटच्या प्रॅक्टिकलमध्ये अ‍ॅक्सेस रिव्ह्यू आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, सॅम्पल किती घेऊ? कोल्हापुरातल्या वीकेंड बॅचचे वर्किंग पेपर तपासताना मला हे कायम दिसतं, पहिल्या पानावर "सॅम्पल साइज २५" असं ठळक लिहिलेलं असतं पण ते २५ कशातून काढले, ती यादी कुणी दिली, ती पूर्ण होती का, याबद्दल एक ओळ नसते. आणि मग पुढचं सगळं काम कितीही नीट केलं तरी समोरच्यानं एक प्रश्न विचारला की कोसळतं. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, आणि सगळा अ‍ॅक्सेस रिव्ह्यू न घेता मुख्यतः एकाच टेस्टवर लिहितोय, नोकरी सोडून गेलेल्या लोकांचे लॉगिन वेळेत बंद होतात का. नवीन अ‍ॅक्सेसचं सॅम्पल आणि तिमाही रिव्ह्यू हेही ओघात येईल कारण ते जोडलेलंच आहे.

केस सरावासाठी रचलेली आहे, आकडेही रचलेले. एक नागरी सहकारी बँक धरा, मुख्य कार्यालय शाहूपुरीत, शाखा शहरात आणि गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूर अशा बाहेरच्या गावांत. ऑडिटचा काळ १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. कोअर बँकिंग म्हणजे सीबीएस एकच, त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याचा एम्प्लॉयी कोड हाच लॉगिन आयडी. बँकेच्या आयटी पॉलिसीत लिहिलंय की कामाच्या शेवटच्या दिवशीच आयडी बंद करायचा. मागणीपत्र ७ एप्रिल २०२५ ला दिलं, डेटा आपल्यासमोर काढला ९ एप्रिलला.

आधी यादी, मग सॅम्पल

या टेस्टला दोन याद्या लागतात, गेलेल्या लोकांची एक आणि सीबीएसमधल्या युजरची एक. दोन्ही बँकच देणार, म्हणजे दोन्ही तपासल्याशिवाय वापरायच्या नाहीत.

एचआरनं ४३ जणांची यादी दिली, एक्सेलमध्ये, छान रंग वगैरे देऊन. ही पूर्ण आहे का हे एचआरलाच विचारून कळणार नाही, त्यासाठी वेगळ्या जागेवरून आलेला कागद पाहिजे. सगळ्यात चांगला कागद म्हणजे पगारपत्रक, कारण गेलेल्या माणसाला कुणी पगार देत राहत नाही आणि ते काढणारा विभाग बऱ्याचदा वेगळा असतो. मार्च २०२४ पासून एप्रिल २०२५ पर्यंतची पगारपत्रकं घ्या आणि लागोपाठच्या दोन दोन महिन्यांची तुलना करा, मागच्या महिन्यात आहे आणि पुढच्या महिन्यात नाही असा प्रत्येक कोड बाजूला काढा. एप्रिल २०२५ चं पगारपत्रक एप्रिलअखेर निघतं, ९ तारखेला ते मिळणार नाही, पण मार्चअखेर गेलेले त्याशिवाय सापडत नाहीत, म्हणून ते आलं की तुलनेचा तो शेवटचा भाग पूर्ण करायचा आणि तसं वर्किंग पेपरमध्ये लिहून ठेवायचं. फक्त वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं पगारपत्रक लावलं तर मधेच लागून मधेच गेलेले लोक निसटतात, ही चूक फार जण करतात.

आपल्या केसमध्ये असं केल्यावर तीन कोड जास्तीचे निघाले. एकजण जूनमध्ये लागून सप्टेंबरमध्ये गेलेला, प्रोबेशनवरच होता म्हणून एचआरच्या राजीनामा रजिस्टरला नोंदच नाही. एका कर्मचाऱ्याचं नोकरीत असतानाच निधन झालेलं, ती फाइल वेगळ्या टेबलावर. आणि एकजण निवृत्त होऊन दुसऱ्याच दिवसापासून कंत्राटावर परत आलेला, एचआरच्या लेखी तो "गेलेलाच नाही". हा तिसरा प्रकार लक्षात ठेवा, याला कंत्राटी म्हणून नवीन आयडी मिळतो आणि जुना आयडी जुन्या अधिकारांसकट तसाच पडून राहतो. तर एकूण ४६ झाले. त्यातले पाच शिपाई आणि ड्रायव्हर, त्यांना सीबीएसचा आयडी कधी नव्हताच. उरले ४१.

पगारपत्रकावर नसलेले लोकही असतात, पिग्मी एजंट, व्हेंडरचे इंजिनीअर, एजन्सीकडून आलेले डेटा एन्ट्रीवाले. त्यांच्यासाठी कमिशनचं रजिस्टर आणि एजन्सीची बिलं हा दुसरा रस्ता आहे. या टेस्टमध्ये ते घेतलेले नाहीत हे वर्किंग पेपरमध्ये स्वच्छ लिहायचं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं ४१ म्हणजे सगळेच.

आता युजर यादी. आयटीकडून साधारणपणे "अ‍ॅक्टिव्ह युजर" रिपोर्ट येतो. या टेस्टला तो पुरत नाही, आपल्याला सगळ्या स्टेटसचे युजर पाहिजेत, अ‍ॅक्टिव्ह, डिसेबल, लॉक्ड, डिलीट केलेले असतील तर तेही. कारण गेलेला माणूस अ‍ॅक्टिव्ह यादीत दिसला नाही याचा अर्थ दोन होतात, एकतर आयडी बंद झालाय, नाहीतर आपलं जुळवणंच चुकलंय. सगळ्या स्टेटसच्या यादीत मात्र ४१ च्या ४१ कोड सापडलेच पाहिजेत, कुठल्या ना कुठल्या स्टेटसमध्ये. एखादा सापडला नाही तर तिथंच थांबून कारण शोधायचं.

आणि "लॉक्ड" बद्दल एक. काही सिस्टीममध्ये बरेच दिवस लॉगिन नसलं की आयडी आपोआप लॉक होतो, आणि पासवर्ड रीसेट केला की परत उघडतो. तो बंद धरायचा नाही. आयटीला विचारा की लॉक्ड आयडी उघडायला कुणाची मंजुरी लागते, हेल्पडेस्कला फोन करून उघडत असेल तर तो चालूच आहे.

जुळवताना जिथं हमखास गडबड होते

नावावरून जुळवू नका. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील, चौगुले, कांबळे किती असतील सांगा, शिवाय इंग्रजी स्पेलिंग एचआरचं वेगळं आणि सीबीएसचं वेगळं, लग्नानंतर आडनाव बदललेलं एका यादीत आणि दुसऱ्या यादीत माहेरचं. कोडवरूनच जुळवायचं.

पण कोडमध्येही एक खड्डा आहे. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की `00417` चं `417` होतं, पुढची शून्यं उडतात. एचआरच्या शीटमध्ये तो टेक्स्ट म्हणून `00417` असतो, आणि मग `VLOOKUP` किंवा `MATCH` ला हे दोन वेगळे वाटतात. बऱ्याच टेस्टमध्ये मॅच झालं नाही की आपण घाबरतो आणि तपासतो, इथं मात्र अ‍ॅक्टिव्ह यादीत मॅच न होणं ही चांगली बातमी वाटते, त्यामुळं चूक झाली तरी कुणाला शंका येत नाही आणि "एकही एक्सेप्शन नाही" असं लिहून पेपर बंद होतो. म्हणून फाइल डबल क्लिकनं उघडायची नाही, एक्सेलच्या डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही इम्पोर्ट करायची आणि कोडच्या कॉलमला टेक्स्ट प्रकार द्यायचा. मग सूत्र साधं आहे, `Users` नावाच्या शीटमध्ये सगळ्या स्टेटसचे युजर ठेवून:

```
=ISNUMBER(MATCH(A2,Users!A:A,0))
```

४६ ओळींवर हे चालवलं की ४१ `TRUE` आणि ५ `FALSE` आले पाहिजेत, आणि ते पाच म्हणजे बरोबर शिपाई-ड्रायव्हरच असले पाहिजेत. हे जमलं की जुळणी बरोबर झालीय याची खात्री झाली, आता स्टेटस बघायचं.

४१ पैकी सॅम्पल किती? सगळे

इथं सॅम्पलिंग करायचं कारणच नाही. जुळणी एक्सेल करतंय, ४१ ओळी आणि ४१०० ओळी यात त्याला फरक नाही, आणि हाताने करायचं काम म्हणजे प्रत्येकाची बंद झाल्याची तारीख लॉगमध्ये बघणं, ते ४१ साठी अर्ध्या दिवसात होतं. सगळे तपासले की टक्केवारीवर वाद उरत नाही, "उरलेल्यात काय असेल" हा प्रश्नच येत नाही. सॅम्पलिंग हा जिथं प्रत्येक आयटमला कागद काढून बघायला लागतो तिथला उपाय आहे.

अशी जागा याच ऑडिटमध्ये आहे, नवीन आयडी आणि रोल बदल. वर्षभरात असे १३३ बदल झाले आणि प्रत्येकाच्या मागं मंजुरीचा फॉर्म पाहिजे. इथं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिशा. फॉर्मच्या फाइलमधून सॅम्पल काढलं तर प्रत्येक सॅम्पलला फॉर्म सापडणारच, कारण तिथूनच उचललाय. आपल्याला शोधायचेत ते फॉर्मशिवाय दिलेले अधिकार, म्हणून सॅम्पल सीबीएसच्या बदलांच्या लॉगमधून काढायचं आणि तिथून फॉर्मकडं जायचं.

१३३ मधले ९ बदल अ‍ॅडमिन किंवा तसल्या मोठ्या अधिकारांचे होते, ते नऊच्या नऊ घ्यायचे. उरलेल्या १२४ ना क्रमांक देऊन २५ काढायचे. एक्सेलचं `RAND` वापरलं तर शीटमध्ये काहीही बदललं की आकडे बदलतात आणि नंतर सॅम्पल परत तसंच निघत नाही, म्हणून निघालेले आकडे व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, किंवा पायथन येत असेल तर सीड लिहून ठेवा, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्यालाही तेच २५ निघतील:

```python
import random
random.seed(20250409)
print(sorted(random.sample(range(1, 125), 25)))
```

२५ का, हे विचारलं तर "सगळे घेतात" हे उत्तर देऊ नका. २५ मध्ये एकही चूक सापडली नाही तर काय म्हणता येतं याचं गणित एक्सेलमध्येच करा, `=1-0.05^(1/25)` टाका, उत्तर ०.११२९ येतं. म्हणजे ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की चुकांचं प्रमाण साधारण ११ टक्क्यांच्या आत आहे. हेच ५ टक्क्यांच्या आत आहे असं म्हणायचं असेल तर ५९ आयटम लागतात आणि त्यात एकही चूक निघता कामा नये. बँकेत इतर कंट्रोल नीट चालत असतील तर ११ टक्के चालवून घेता येतात, नसतील तर सॅम्पल वाढवा, हा निर्णय आधी घ्यायचा आणि आधी लिहायचा, निकाल बघून नाही.

आपल्या केसमध्ये २५ पैकी दोघांचे फॉर्म मिळाले नाहीत. अशा वेळी आयटीवाले म्हणतात, फाइल सापडेना, त्याऐवजी दुसरे दोन घ्या. घ्यायचे नाहीत. शोधायला वेळ द्या, दोन दिवस द्या, पण नाही मिळाला तर तो एक्सेप्शनच, बदली सॅम्पल घेतलं की सगळ्या निवडीचा अर्थ गेला. दोन चुका निघाल्यावर वरची मर्यादा किती झाली हे `=BETA.INV(0.95,3,23)` नं कळतं, ०.२३ च्या आसपास. म्हणजे फाइंडिंगमध्ये "२५ पैकी २" लिहायचं आणि १२४ मध्ये हे प्रमाण २३ टक्क्यांपर्यंत असू शकतं हे वर्किंग पेपरमध्ये ठेवायचं. अ‍ॅडमिनचे ९ या गणितात मिसळायचे नाहीत, ते वेगळे निवडलेले आहेत.

पुरावा: आज बंद आहे आणि वेळेत बंद झाला या दोन वेगळ्या गोष्टी

परत ४१ कडं. ९ एप्रिलच्या यादीत ३७ आयडी डिसेबल आणि ४ अ‍ॅक्टिव्ह. बरेच जण इथंच थांबून "४ एक्सेप्शन" लिहितात. पण ३७ आज बंद आहेत एवढंच यादी सांगते, ते कधी बंद केले हे सांगत नाही. त्यासाठी युजर मेंटेनन्सचा ऑडिट लॉग पाहिजे, कुठल्या आयडीचं स्टेटस कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता बदललं. विंडोजच्या डोमेन लॉगिनचा रिव्ह्यू असेल तर हाच पुरावा डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट `4725` म्हणून मिळतो, `whenChanged` वर विसंबू नका, अकाउंटमध्ये दुसरं काही बदललं तरी ती तारीख बदलते.

लॉग लावून बघितल्यावर चित्र बदललं. ३७ पैकी २९ त्याच दिवशी बंद झालेले, ८ उशिरा. आणि त्या आठांतले ५ बंद झालेत ८ एप्रिलला, संध्याकाळी, एकापाठोपाठ एक, म्हणजे आपलं मागणीपत्र पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी. यात कुणावर आरोप करायचा नाही, पत्र आल्यावर घर आवरणं माणसं करतातच. पण वेळ आणि तारीख लॉगमधून जशीच्या तशी नोंदवायची. एकूण एक्सेप्शन ४ अधिक ८, बारा.

डेटा काढताना शेजारी बसा. क्वेरी कोणती चालवली ती कॉपी करून घ्या, तिच्यातली `WHERE` ओळ वाचा, एखादी शाखा किंवा स्टेटस गाळलेलं तिथंच दिसतं. स्क्रीनवर किती ओळी आल्या आणि फाइलमध्ये किती आल्या ते जुळवा. स्क्रीनशॉट घेतला तर तारीख-वेळ आणि सर्व्हरचं नाव दिसलं पाहिजे, नाहीतर तो टेस्ट सर्व्हरचा नाही हे नंतर सिद्ध करता येत नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं, आणि मूळ फाइलचा हॅश लगेच काढून आयटी ऑफिसरच्या समोर वर्किंग पेपरमध्ये लिहायचा:

```
certutil -hashfile users_all.csv SHA256
```

तोंडी उत्तराला पुरावा समजू नका. क्लासमधल्या रोल प्लेमध्ये आयटी ऑफिसरचं काम करणारा नेहमी हेच म्हणतो, "आयडी बंदच हाय की मॅडम, स्टेटस तेवढं बदलायचं राहिलंय." यावर वाद घालायचा नाही. "बरं सर, मग त्या आयडीनं लॉगिन होत नाही हे दाखवता का, आणि बंद केल्याची नोंद कुठं आहे ती द्या" एवढंच म्हणायचं. नोंद मिळाली तर मत बदलायचं, नाही मिळाली तर त्यांचं म्हणणं "व्यवस्थापनाचे म्हणणे" म्हणून लिहायचं आणि एक्सेप्शन ठेवायचं.

वापर झाला का?

बारा आयडी उघडे राहिले हे समजलं, पण वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारणार की कुणी वापरले का. म्हणून लॉगिनचा लॉग काढा आणि शेवटच्या कामाच्या दिवसानंतरची लॉगिन शोधा. इथं लॉग किती दिवसांचे आहेत ते आधी विचारा. सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, आणि आपल्या बँकेत बरोब्बर तेवढेच ठेवलेले, म्हणजे ९ एप्रिलला मागं ११ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचंच दिसतं. बारापैकी पाचजण त्याआधीच गेलेले. त्यांचे आयडी ११ ऑक्टोबरच्या आधी वापरले की नाही हे आपल्याला सांगता येत नाही आणि हे असंच लिहायचं. "गैरवापर आढळला नाही" असं सरसकट लिहिलं तर ते खोटं ठरतं.

डोमेन लॉगिनमध्ये अजून एक बारकावा आहे. `LastLogonDate` हे फील्ड जे `lastLogonTimestamp` वरून येतं ते डिफॉल्ट सेटिंगमध्ये प्रत्येक लॉगिनला अपडेट होत नाही, ९ ते १४ दिवस मागं असू शकतं. म्हणजे तिथं नोकरी सोडल्यानंतरची तारीख दिसली तर लगेच खोलात जाऊन तपासायचं, पण आधीची तारीख दिसली म्हणून नंतर लॉगिन झालंच नाही असं म्हणता येत नाही. त्यासाठी प्रत्येक डोमेन कंट्रोलरवरचे `4624` आणि `4768` इव्हेंट बघावे लागतात.

आपल्या केसमध्ये बारातला एक आयडी वापरलेला निघाला, गडहिंग्लज शाखेचा क्लार्क, ३१ डिसेंबर २०२४ ला निवृत्त. २ ते १८ जानेवारीदरम्यान त्या आयडीवरून २१४ नोंदी टाकलेल्या, १८ नंतर एकही नाही. का थांबल्या? लॉगमध्ये बघितलं तर त्याच्या जागी आलेल्या कर्मचाऱ्याचा नवीन आयडी २० जानेवारीला तयार झालाय. म्हणजे चित्र असं दिसतं की माणूस आला, आयडी आला नाही, काउंटर बंद ठेवता येत नाही, जुन्या आयडीवर काम चाललं. हे अनुमान आहे, शाखेत विचारून आणि हजेरीपत्रक बघून पक्कं करायचं.

पण इथं थांबलात तर खरी जोखीम निसटली. सीबीएसमध्ये नोंद टाकणारा आणि पास करणारा वेगळा पाहिजे, मेकर-चेकर. क्लार्कचा आयडी पासवर्डसकट शाखेत उघडा आहे म्हटल्यावर पास करणाराच त्यावरून नोंद टाकून स्वतःच्या आयडीनं पास करू शकतो, आणि सिस्टीमला सगळं नियमात दिसतं. म्हणून २१४ नोंदींमध्ये मेकरचं टर्मिनल आणि चेकरचं टर्मिनल शेजारी शेजारी लावा. १७ नोंदींमध्ये दोन्ही एकच निघालं. याचा अर्थ एकच मशीन वापरलं एवढाच, बसलेला माणूस एकच होता हे यावरून ठरत नाही, छोट्या शाखेत मशीन बदलून बसतात. तर त्या १७ ची व्हाउचर मागवायची, खातेदाराची सही, रक्कम, खातं जुळवायचं. सतरांचीही व्हाउचर बरोबर निघाली. तेवढंच लिहायचं, "तपासलेल्या १७ नोंदींत तफावत नाही", उरलेल्या १९७ ची व्हाउचर आपण बघितलेली नाहीत हेही लिहायचं.

सहीचा कागद नीट बघा

तिमाही अ‍ॅक्सेस रिव्ह्यू वर्षात चारच असतात, त्यातले दोन घेतले तरी चालतं. शाखाधिकाऱ्यानं आपल्या शाखेची युजर यादी बघून प्रत्येकासमोर "ठेवा" किंवा "बंद" लिहून सही करायची असते. बहुतेक जण सही आहे ना एवढं बघून टिक करतात. त्यापेक्षा कागद हातात घेऊन उजेडात बघा. आपल्या केसमधला मार्च तिमाहीचा गडहिंग्लजचा कागद घ्या, "ठेवा" हा शब्द पहिल्या ओळीसमोर लिहून खाली शेवटपर्यंत एकच उभी रेघ ओढलीय, त्या रेघेत निवृत्त क्लार्कचाही आयडी आहे, सहीखाली तारीख ३१ मार्च २०२५, आणि कागदाच्या तळाशी सीबीएसनं छापलेली प्रिंटची तारीख ४ एप्रिल. जी यादी चार तारखेला छापली तिच्यावर एकतीसची सही कशी? हा रिव्ह्यू झाला असं धरता येत नाही, कागद तयार झालाय एवढंच. शिवाय यादीतली युजरसंख्या सिस्टीममधल्या त्या शाखेच्या संख्येशी जुळवा, कधीकधी यादीच अर्धी असते.

फाइंडिंग लिहिताना

फाइंडिंगचे पाच भाग सगळ्यांना पाठ असतात, निकष, स्थिती, कारण, परिणाम, शिफारस. अडचण कारणात येते. "कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे" हे कारण नव्हे, त्यावरून शिफारस काय करणार, काळजी घ्या? कारण पुराव्यातून काढायचं. बारा एक्सेप्शन शाखेनुसार लावले तर अकरा शहराबाहेरच्या शाखांचे. मग कार्यमुक्तीचे कागद कुठून कुठं जातात ते बघितलं, तर नो ड्यूज फॉर्मवर कर्ज, आगाऊ रक्कम, ओळखपत्र, चाव्या असं सगळं आहे, लॉगिनची ओळच नाही, आणि फॉर्मची प्रत आयटीकडं जातच नाही. मुख्य कार्यालयात माणूस जातोय हे आयटीला आपसूक कळतं, गडहिंग्लजचं कळत नाही. हे कारण.

निकष बँकेची स्वतःची पॉलिसी असेल तर तीच आधी घ्या, कलमासकट. आयएसओ २७००१ च्या २०२२ च्या आवृत्तीतलं परिशिष्ट अ, ५.१८ हे प्रवेश अधिकार देणं, तपासणं, बदलणं आणि काढणं यावरच आहे, पण तेही शेवटी संस्थेच्या पॉलिसीकडंच बोट दाखवतं, आणि बँकेनं ते स्वीकारलंच नसेल तर निकष म्हणून टिकत नाही.

क्लासमध्ये पहिल्या खेपेला येणारा मसुदा साधारण असा असतो: "अनेक माजी कर्मचाऱ्यांचे लॉगिन बंद केलेले नाहीत. यामुळे मोठा फ्रॉड होऊ शकतो. व्यवस्थापनाने तातडीने योग्य ती कार्यवाही करावी." अनेक म्हणजे किती, कितीपैकी, कधीपासून, काहीच नाही. त्याच पुराव्यावर नीट लिहिलेली अशी:

*निकष: बँकेच्या आयटी पॉलिसीनुसार कर्मचाऱ्याचा सीबीएस आयडी कामाच्या शेवटच्या दिवशी बंद करणे आवश्यक आहे.*

*स्थिती: २०२४-२५ मध्ये सेवेतून गेलेल्या व सीबीएस आयडी असलेल्या सर्व ४१ पगारी कर्मचाऱ्यांची तपासणी केली. १२ आयडी मुदतीत बंद झाले नाहीत. त्यापैकी ४ आयडी ९ एप्रिल २०२५ रोजी चालू होते, ५ आयडी ८ एप्रिल २०२५ रोजी आणि ३ आयडी वर्षभरात उशिरा बंद झाले. एका शाखेत निवृत्त कर्मचाऱ्याच्या आयडीवरून २ ते १८ जानेवारी २०२५ या काळात २१४ नोंदी झाल्या. त्यापैकी १७ नोंदींत नोंद करणारे व मंजूर करणारे टर्मिनल एकच होते. या १७ नोंदींची व्हाउचर तपासली असता तफावत आढळली नाही. लॉगिनचे लॉग ११ ऑक्टोबर २०२४ पूर्वीचे उपलब्ध नसल्याने त्याआधीच्या वापराबाबत मत देता येत नाही.*

*कारण: नो ड्यूज फॉर्ममध्ये सीबीएस आयडीची नोंद नाही व त्याची प्रत आयटी विभागाला जात नाही. १२ पैकी ११ प्रकरणे शहराबाहेरील शाखांची आहेत. तिमाही तपासणीतही तपासलेल्या शाखेच्या यादीत निवृत्त कर्मचाऱ्याचा आयडी कायम ठेवला गेला.*

*परिणाम: व्यवहार कोणी केला हे निश्चित करता येत नाही आणि एकाच व्यक्तीला नोंद व मंजुरी दोन्ही करणे शक्य होते.*

*शिफारस: नो ड्यूज फॉर्मवर आयटी विभागाची सही बंधनकारक करावी व त्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. दरमहा पगारपत्रकातून कमी झालेल्या कोडची यादी आयटीला द्यावी. नवीन कर्मचाऱ्याचा आयडी रुजू होण्यापूर्वी तयार ठेवावा.*

शेवटची शिफारस बघा, ती जानेवारीच्या घटनेतून आलीय. नुसतं "आयडी बंद करा" सांगितलं असतं तर पुढच्या निवृत्तीला तीच शाखा दुसऱ्याच्या आयडीवर काम करत बसली असती. "फ्रॉड" हा शब्द मात्र कुठंच नाही, कारण आपल्याकडं त्याचा पुरावा नाही. आणि कुणाचं नाव नाही, आयडी आणि शाखा जोडपत्रात जातात.

मसुदा वर पाठवायच्या आधी आयटी, एचआर आणि त्या शाखेबरोबर बसून फक्त स्थितीचा भाग वाचून दाखवा आणि आकड्यांवर त्यांची सही घ्या, गंभीर की मध्यम हा विषय त्या बैठकीत काढूच नका, नाहीतर आकडे बाजूला राहतात आणि सगळा वेळ त्या वादावर जातो.

उत्तरात बँक बहुधा लिहिते की चारही आयडी बंद केले, मुद्दा वगळावा. चार बंद केले ही दुरुस्ती झाली, फॉर्म बदलला का, पगारपत्रकाची यादी आयटीला जाते का, हे वेगळं बघावं लागतं. म्हणून फॉलोअपला जुने ४१ परत तपासून उपयोग नाही, नवीन फॉर्म लागू झाल्याच्या तारखेपासून पुढच्या तीन महिन्यांत गेलेले लोक पगारपत्रकावरून परत काढा, बाहेरच्या शाखांचे त्यात किती आहेत ते बघा, आणि तीन महिन्यांत बाहेरच्या शाखेतून कुणी गेलंच नसेल तर मुद्दा उघडा ठेवून पुढच्या तिमाहीत परत या.